इतिहासाची ओपन बुक चाचणी: नोटांची सूची आणि अवतरणांच्या खुणा कशा कराव्यात?

रानजाई · रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. अकरा वर्षांनी पुन्हा विद्यार्थी झाले आहे. नोकरी सांभाळून इतिहासात एम.ए. करतेय आणि पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, म्हणजे बारा दिवसांनी, आयुष्यातली पहिली ओपन बुक चाचणी आहे. दोन तास, पाचपैकी तीन प्रश्न, ४० गुण. विषय एकोणिसाव्या शतकातलं शिक्षणधोरण, १८१३ ते १८८२.

आत काय नेता येतं: सरांनी दिलेला छापील साधनसंच (१२६ पानं) आणि स्वतःच्या हातच्या नोटा. मोबाइल, लॅपटॉप नाही. संचात १८१३ च्या सनदेचं ४३ वं कलम, राममोहन रॉय यांचं १८२३ चं पत्र, मेकॉलेचं टिपण, त्यावर प्रिन्सेपचं उत्तर, बेंटिंकचा ठराव, वुडचा खलिता आणि हंटर आयोगापुढचं जोतीराव फुल्यांचं निवेदन आहे. सगळं इंग्रजीत. मी उत्तरं मराठीत लिहिणार.

माझ्या तीन वह्या आहेत. हायलायटर इतका मारलाय की संच आता पिवळ्या कागदावर छापल्यासारखा दिसतो. काल सहज बघितलं, मेकॉलेचा तो "एक वर्ग तयार करायचा" वाला परिच्छेद सापडायला किती वेळ लागतो. सहा मिनिटं! असं तीन-चारदा झालं तर एक प्रश्न गेलाच म्हणायचा.

सूची करायची हे कळतंय. पण कशाची करायची? नावांची, सालांची, की विषयांची? आणि अवतरणं किती निवडायची?

कोकणकडा · रविवार, रात्री ११:०५

ओपन बुक म्हणजे मज्जाच की हो. आमच्या वेळी पुस्तक उघडलं की बाहेर काढायचे.

सोप्पा उपाय सांगतो. स्टेशनरीच्या दुकानात रंगीत चिकट पट्ट्या मिळतात, पाच रंगांचा संच. महत्त्वाच्या प्रत्येक वाक्याला एक पट्टी लावा. मी कंपनीच्या ऑडिटच्या फायलींना असंच करतो. शंभरेक पट्ट्या झाल्या की पान चटकन उघडतं.

अ‍ॅड_खटलेबाज · सोमवार, सकाळी ८:२०

शंभर पट्ट्या लावल्यावर पुस्तक मोरपिसाऱ्यासारखं दिसतं आणि हाताला काहीच लागत नाही. स्वानुभव आहे.

वकिलीच्या अखिल भारतीय परीक्षेत नुसते कायदे, भाष्य नसलेले, आत नेता येतात. तिथे मी प्रत्येक कायद्याला एक पट्टी आणि प्रकरणांना छोट्या पट्ट्या लावल्या होत्या, झकास चाललं. ताई, तुम्हीही दस्तऐवजागणिक एक पट्टी लावा, सातच होतात. आत गेल्यावर परिच्छेदाच्या क्रमांकाने शोधा. सूचीबिची लागत नाही.

जुनी_दप्तरे · सोमवार, दुपारी ३:१०

वकीलसाहेबांचं निम्मं बरोबर आहे. दस्तऐवजागणिक एक पट्टी हवीच. पण कायद्याच्या परीक्षेत प्रश्न कलमापाशी नेऊन सोडतो. इतिहासाचा प्रश्न कधीच एका दस्तऐवजापाशी थांबत नाही. "मेकॉलेने काय म्हटलं?" असं एम.ए.ला कुणी विचारत नाही. "शिक्षणावरच्या सरकारी खर्चाचा लाभ कुणाला व्हावा, याविषयीच्या भूमिका तपासा" असं विचारतात, आणि त्याची उत्तरं सातही कागदांत विखुरलेली असतात.

मी बरीच वर्षं हा विषय शिकवला आणि असे पेपर काढलेही. आता घरी बसून जुनी दप्तरं चाळतो, म्हणून हे नाव. रानजाई, क्रमाने सांगतो.

आज रात्री फक्त पानांना क्रमांक द्या. बाकी कशाला हात लावू नका. तिन्ही वह्यांना मिळून एकच सलग क्रम, उजव्या कोपऱ्यात, लाल पेनने. वहीच्या पानांना "व" आणि संचाच्या पानांना "सं", म्हणजे व ४७, सं ३१. नंतर मध्ये पान घालावं लागलं तर ते ४७अ. पुढचे आकडे खोडून नव्याने घालायचे नाहीत. सूची झाल्यावर क्रमांक बदलले की सगळी मेहनत पाण्यात. हे मी दरवर्षी कुणाचं ना कुणाचं पाहिलंय.

आता सूची कशाची, हा तुमचा खरा प्रश्न. नावांची सूची लागतच नाही, कारण मेकॉले कुठे आहे हे पट्टी सांगतेच. सालांची अर्ध्या पानात होते. खरी सूची वादाच्या मुद्द्यांची. त्यातले शब्द प्रश्नपत्रिकेतले हवेत, दस्तऐवजातले नव्हेत. साधं उदाहरण घ्या. आपण सगळे "झिरप सिद्धांत" म्हणतो. मेकॉलेच्या टिपणात तो शब्द नाही. तो म्हणतो की तुटपुंज्या साधनांत सगळ्या जनतेला शिकवणं अशक्य आहे, म्हणून आधी दुभाष्यांचा एक वर्ग घडवू, आणि तो वर्ग देशी भाषा समृद्ध करून ज्ञान पुढे पोचवील. तुम्ही टिपणातले शब्द घेऊन सूची केली तर "झिरप" तिथे नसणार, आणि परीक्षेत नेमका तोच शब्द तुमच्या डोक्यात येणार.

एक नोंद करून दाखवतो. शब्द घ्या "पैसा".

१८१३ च्या कलमात वर्षाला किमान एक लाख रुपये बाजूला काढायला सांगितलं. मेकॉले १८३५ मध्ये त्याच लाखाचा हिशोब मागतो. संस्कृत-अरबी शिकणाऱ्यांना विद्यावेतन द्यावं लागतं, इंग्रजी शिकणारे मात्र स्वतः फी भरायला तयार आहेत. सरकारी शिक्षण समितीने छापलेले २३,००० पौर्वात्य ग्रंथ अडगळीच्या खोलीत पडून आहेत, फुकट वाटले तरी संपत नाहीत. १८५४ मध्ये वुडचा खलिता खासगी शाळांना अनुदान द्यायची पद्धत आणतो आणि आता जनसामान्यांपर्यंत उपयुक्त ज्ञान कसं पोचेल ते पाहा, असं सांगतो. आणि १९ ऑक्टोबर १८८२ च्या निवेदनात जोतीराव विचारतात की महसूल रयतेच्या घामातून येतो, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का उधळता? प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा.

सत्तर वर्षांचा वाद एका ओळीत आला:

पैसा (कुणाचा, कुणावर): सं २, सं २९, सं ३३, सं ७१, सं ११८, व ५२

असे बारा ते पंधरा शब्द पुरतात. सूची दोन पानांच्या वर गेली तर तिलाच सूची लागते.

अवतरणांबद्दल रात्री लिहितो. बाहेर पाहुणे आलेत.

सुमनमावशी · सोमवार, संध्याकाळी ६:४५

आमच्या नातवालाही म्हणे नववीत हे ओपन बुक येणार. मागेही सीबीएसईने नववी-अकरावीला असं काही आणलं होतं, धाकट्या भाच्याच्या वेळी, आणि मग बंद केलं. त्याला पुस्तकात खुणा करायला बाई रागावतात. पुस्तक खराब होतं म्हणून. त्याने काय करावं?

रानजाई · सोमवार, रात्री ९:३०

मावशी, त्याला वेगळ्या कागदावर पान क्रमांक लिहायला सांगा, पुस्तकाला हात लावायचं कामच नाही.

जुनी_दप्तरे सर, क्रमांक टाकून झाले. वह्यांची २१४ पानं निघाली, मला १८० वाटत होती! त्यात ११ पानं चक्क दोनदा उतरवलेली सापडली.

जुनी_दप्तरे · सोमवार, रात्री ११:१५

आता अवतरणं. पंचवीस, त्याहून एकही जास्त नको. तीन उत्तरांत मिळून तुम्ही आठ-दहा वापराल. प्रत्येक अवतरण शक्यतो एका ओळीत मावेल इतकंच तोडा. ओपन बुकमध्ये अर्धा परिच्छेद उतरवून काढणारी उत्तरं तपासणाऱ्याला लगेच कळतात. पुस्तक समोर असताना उतरवण्याला गुण कशाचे द्यायचे?

प्रत्येकाच्या शेजारी चार गोष्टी पेन्सिलीने लिहा: कोण, कुणाला, कधी, कशाच्या उत्तरात. चौथी सगळे विसरतात, आणि सगळी गोम तिथेच असते.

मेकॉलेचं ते प्रसिद्ध वाक्य घ्या, युरोपीय ग्रंथालयाचं एक फडताळ भारत आणि अरबस्तानातल्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचं आहे, हे. बहुतेक मुलं लिहितात "मेकॉलेच्या मते". संचात पूर्ण वाक्य वाचा. आधी तो कबूल करतो की मला संस्कृत किंवा अरबी येत नाही. मग म्हणतो की पौर्वात्य विद्येच्या पुरस्कर्त्यांपैकी कुणीही हे नाकारू शकेल असा मला भेटला नाही. म्हणजे तो विरोधकांनाच साक्षीला उभं करतोय. शिक्षण समितीचे दहा सदस्य पाच-पाच असे फुटले होते आणि त्याला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलला पटवायचं होतं. वकिली डाव आहे तो. शेजारी नुसतं "डाव: विरोधकांची साक्ष" असं लिहून ठेवलंत तर उत्तरात एक वाक्य आपोआप वेगळं येईल.

आणि खुणांचे रंग प्रकरणांप्रमाणे नकोत. बाजू दाखवायला वापरा. इंग्रजीच्या बाजूने एक रंग, संस्कृत-अरबीच्या बाजूने दुसरा, देशी भाषांच्या बाजूने तिसरा. तीनच.

अ‍ॅड_खटलेबाज · मंगळवार, सकाळी ८:०५

"वकिली डाव" या शब्दांवर हरकत. बाकी सगळं मान्य.

रंगांवर मात्र शंका आहे. राममोहन रॉय कुठल्या रंगात टाकाल? आणि वुडचा खलिता? तो उच्च शिक्षण इंग्रजीत म्हणतो आणि सामान्यांसाठी देशी भाषा म्हणतो. तिथे दोन्ही रंग आले की गोंधळ.

जुनी_दप्तरे · मंगळवार, सकाळी १०:४०

दोन रंग येऊ द्या. एका कागदावर दोन रंग दिसले की तो कागद दुटप्पी किंवा तडजोडीचा आहे, एवढं तर कळलं. रॉयबद्दलची तुमची शंका रास्त आहे, मीही त्यांच्यापुढे दरवेळी अडतो.

रानजाई · बुधवार, रात्री १०:२०

पहिला खर्डा झाला. सूचीत चौदा शब्द, अवतरणं एकवीस. तीन-चार इथे टाकते, कुठे चुकतेय सांगा.

अवतरण ३, मेकॉले, १८३५: एक वर्ग, रक्ताने आणि रंगाने भारतीय, पण आवडीनिवडी, मतं, नीती आणि बुद्धीने इंग्रज. खूण: झिरप, वर्ग, नोकरशाही.

अवतरण ४, मेकॉले, ब्रिटिश संसदेतलं भाषण, २ फेब्रुवारी १८३५: मी भारतभर हिंडलो, एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्यांची जुनी शिक्षणपद्धती बदलायला हवी. खूण: हेतू, वसाहतवाद.

अवतरण १७, फुले, हंटर आयोग, १८८२: विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली... खूण: अविद्या, शूद्रातिशूद्र.

जुनी_दप्तरे · बुधवार, रात्री ११:५०

तीनमधून दोन काढून टाका. झोपायला जात होतो, हे वाचून उठलो.

अवतरण ४ बनावट आहे. संसदेच्या भाषणांत ते नाही. साधा पुरावा हवा असेल तर तुमच्याच संचात बघा, टिपणाखाली तारीख आहे २ फेब्रुवारी १८३५, आणि ते लिहिलंय कलकत्त्यात. त्याच दिवशी लंडनच्या संसदेत भाषण करणार कसा? जहाजाला कित्येक महिने लागत तेव्हा.

अवतरण १७ खरं आहे, पण जागा चुकली. ते "शेतकऱ्याचा असूड"मधलं, १८८३ चं. आयोगापुढचं निवेदन इंग्रजीत आहे आणि त्याच्या आधीच्या वर्षीचं. आयोगाच्या उत्तरात ते घातलंत तर तपासणाऱ्याला समजेल की निवेदन उघडलंच नाही. "पुढच्याच वर्षी जोतीरावांनी हाच विचार मराठीत असा मांडला" असं लिहून घातलंत तर उत्तमच.

एक नियम करा. ज्या अवतरणापुढे संचाचा पान क्रमांक लिहिता येत नाही, ते लाल चौकटीत. तुमच्या ४ आणि १७ या दोन्हींपुढे पान नव्हतं, बघा.

कोकणकडा · गुरुवार, सकाळी ७:५५

सर, ते भिकारीवालं तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पंधरा ऑगस्टला येतं! शब्द बनावट असतील, पण मेकॉलेच्या मनात तेच होतं ना? भाव तर खरा आहे.

जुनी_दप्तरे · गुरुवार, सकाळी ९:१५

मग त्याचं खरं वाक्य घ्या, फडताळाचं घ्या. ते काही कमी जहाल नाही. आणि खोट्या वाक्यात तर तो आपल्या जुन्या शिक्षणपद्धतीची थोरवी गातो. खरा मेकॉले तिला कवडीची किंमत देत नव्हता. भावसुद्धा उलटा आहे, कोकणकडा.

कोकणकडा · गुरुवार, सकाळी ९:३०

हे लक्षातच आलं नव्हतं. ग्रुपवर टाकतो, बघू कोण भांडतं.

फ्रांकफुर्टचा_पेठकर · गुरुवार, दुपारी १:४५

धागा मस्त चाललाय. इकडे आमच्या ओपन बुक परीक्षा लॅपटॉपवर होत्या. रानजाई, तुमची कागदावर आहे याबद्दल देवाचे आभार माना. मला वाटायचं Ctrl+F असताना सूची कशाला. मेकॉलेच्या टिपणाची पीडीएफ उघडली, Sanskrit शोधलं, निकाल शून्य. दहा मिनिटं वाटत होतं की फाइलच चुकीची आहे. मग कळलं, तो Sanscrit लिहितो, k ऐवजी c. वुडचा खलिता तर स्कॅन होता, नुसती चित्रं. त्यात कुठलाच शब्द सापडेना.

त्यानंतर मीही कागदावर सूची केली आणि शेवटी लॅपटॉप फक्त टाइप करायला वापरला.

रानजाई · गुरुवार, रात्री १०:०५

हा हा, c आणि k! माझ्या संचातही Sanscrit आहे, मी छपाईची चूक समजून दुरुस्त केली होती. आता ती दुरुस्ती परत खोडते.

भाषेचा प्रश्न राहिलाच. उत्तर मराठीत, अवतरण इंग्रजीत. तसंच इंग्रजी उतरवू की तिथल्या तिथे भाषांतर करू?

अ‍ॅड_खटलेबाज · शुक्रवार, सकाळी ८:३०

मूळ शब्द ते मूळ शब्द. कोर्टात भाषांतर वाचलं की समोरचा लगेच उठतो. इंग्रजीतच उतरवा.

जुनी_दप्तरे · शुक्रवार, सकाळी ११:००

मराठी उत्तरात इंग्रजीचे ठिगळ मला आवडत नाही, आणि उतरवायला वेळही जास्त लागतो. पंचवीस अवतरणांची भाषांतरं घरीच करून न्या. तिथे बसून करू नका.

मात्र एखादा शब्द असा असतो की भाषांतर करताच वाद नाहीसा होतो. १८१३ च्या कलमात "लिटरेचर"च्या पुनरुज्जीवनासाठी आणि विद्वान भारतीयांच्या उत्तेजनासाठी पैसे, असं आहे. मेकॉलेचा सगळा युक्तिवाद या एका शब्दावर उभा आहे. हे लिटरेचर म्हणजे अरबी-संस्कृतच, असं कायद्यात कुठे लिहिलंय? मिल्टनची कविता आणि न्यूटनचं शास्त्र जाणणाऱ्याला विद्वान भारतीय का म्हणू नये? तुम्ही तिथे "प्राच्य विद्या" असं भाषांतर केलंत की त्याच्या प्रश्नाला जागाच उरत नाही. अशा वेळी शब्द देवनागरीत तसाच ठेवा.

फ्रांकफुर्टचा_पेठकर · शुक्रवार, दुपारी २:३०

सर, पण मग "वाङ्मय" का नको? एकोणिसाव्या शतकातल्या मराठीत तो शब्द बराच व्यापक अर्थाने वापरत असावेत.

जुनी_दप्तरे · शुक्रवार, दुपारी ४:१०

चालेल कदाचित. आजचा तपासणारा वाङ्मय म्हणजे कथा-कविता समजेल, ही माझी भीती. तुमचं म्हणणं मी सोडून देत नाही.

अ‍ॅड_खटलेबाज · शुक्रवार, रात्री ८:००

मी अजूनही इंग्रजीच म्हणतो.

रानजाई · रविवार, रात्री ९:१५

काल आणि आज रंगीत तालीम केली. बहिणीला वर्गातले जुने प्रश्न दिले. ती त्यातला कुठलाही शब्द मोठ्याने म्हणणार, मी सूचीतून पान काढून बोट ठेवणार, आणि ती मोबाइलवर वेळ लावणार. वीस सेकंदांच्या आत सापडलं तर पास.

पहिल्या फेरीत तीसपैकी तेरा! न सापडलेले सतरा शब्द लिहून काढले तर गंमत दिसली. नोटांमध्ये सगळं होतं. मी भलत्याच नावाखाली शोधत होते. ती म्हणाली "मुलींचं शिक्षण", मी "स्त्रीशिक्षण" लिहून ठेवलेलं. ती म्हणाली "अनुदान", माझ्याकडे ते "पैसा"मध्ये. ती म्हणाली "मातृभाषा", माझ्याकडे "देशी भाषा".

मग नोटांना हात न लावता फक्त सूचीत ते शब्द वाढवले. अनुदान: पैसा पाहा. मातृभाषा: देशी भाषा पाहा. असे नऊ "पाहा" घातले. आज दुसऱ्या फेरीत तीसपैकी सव्वीस.

एक सापडलं नाही ते मुंबईचं. नाना शंकरशेट मुंबईच्या शिक्षण मंडळात देशी भाषांसाठी अर्स्किन पेरीशी भांडले, हे मी कुठेतरी लिहिलंय, पण कुठे? संचात ते नाही.

जुनी_दप्तरे · सोमवार, सकाळी १०:२०

तेराचे सव्वीस झाले, पुरे आता. तीसच्या मागे लागू नका, त्या वेळात दोन उत्तरं लिहून पाहा.

शंकरशेटांचं पान शोधून "देशी भाषा" आणि "मुंबई" दोन्हींत घाला. मेकॉलेचं टिपण कलकत्त्याचं आहे. मुंबई इलाख्यात त्या काळात प्राथमिक शिक्षणात मराठी-गुजराती टिकून होती, आणि तिथला वाद वेगळ्या वळणाने गेला. मराठीत उत्तर लिहिणाऱ्या दहा मुलांत एखादाच हे लिहितो.

सुमनमावशी · सोमवार, दुपारी १२:३०

सर, नातवाला तुमची "पाहा"ची युक्ती सांगितली. त्याने भूगोलाच्या सूचीत "पाऊस: मान्सून पाहा, मान्सून: पाऊस पाहा" असं लिहून ठेवलंय.

फ्रांकफुर्टचा_पेठकर · सोमवार, दुपारी १२:५०

मावशी, त्याला सरकारी नोकरी नक्की.

अ‍ॅड_खटलेबाज · गुरुवार, रात्री ९:००

ताई, उद्या परीक्षा ना? एक व्यावहारिक सूचना. पट्ट्या पानाच्या कडेबाहेर अर्धा सेंटिमीटरच ठेवा. जास्त बाहेर आल्या की पिशवीत दुमडतात आणि तुटतात. आणि सूचना परत वाचा. "हातच्या नोटा" म्हणजे सुटे कागद चालतात की बांधलेलेच?

रानजाई · शुक्रवार, संध्याकाळी ७:४०

आले जाऊन.

वकीलसाहेब, तुमचा प्रतिसाद मी परीक्षेनंतर वाचला. अवतरणांच्या पंचवीस चिठ्ठ्या सुट्या होत्या, एका पाकिटात. पर्यवेक्षकांनी दारातच काढून घेतल्या: सुटे कागद चालणार नाहीत, वही किंवा संच तेवढाच. भांडण्यात अर्थ नव्हता, सूचनेत "बांधलेल्या नोटा" असंच लिहिलं होतं, मी नीट वाचलं नव्हतं. बरं की तारीख, कुणाला, कशाच्या उत्तरात हे सगळं संचातच पेन्सिलीने लिहिलेलं होतं. भाषांतरं मात्र चिठ्ठ्यांवरच राहिली. मग तिथे बसून केली. "लिटरेचर" देवनागरीत ठेवला, "दुभाषे" आठवला, एक वाक्य सरळ इंग्रजीत उतरवलं. म्हणजे तुम्हा दोघांचंही ऐकलं.

"पैसा" आलाच नाही! इतका घोटलेला. आला तो "राममोहन रॉय आणि मेकॉले यांची इंग्रजी शिक्षणाविषयीची भूमिका एकच होती का?" आणि माझ्या सूचीत रॉय फक्त दोन ठिकाणी, दोन्ही "इंग्रजीच्या बाजूने" या रंगात. चार मिनिटं चाचपडले. मग १८१३ च्या कलमापाशी लिहिलेली स्वतःचीच टीप दिसली: कलमाचे दोन भाग, लिटरेचर आणि विज्ञान. तिथून रॉयच्या पत्रावर गेले तर ते गणित, निसर्गशास्त्र, रसायन, शरीरशास्त्र मागतात. काव्य-वाङ्मयाचं नाव नाही. मेकॉले लिटरेचरच्या भागावर लढतो, रॉय विज्ञानाच्या. तेच धरून उत्तर लिहिलं. बरोबर आहे का?

दोन तासांत पुस्तक नऊदा उघडलं. मोजलं मी.

जुनी_दप्तरे · शुक्रवार, रात्री १०:३०

मला पटलं. पण दुसरा परीक्षक म्हणेल की रॉयना विज्ञान शिकवायला युरोपात शिकलेले शिक्षक हवे होते, म्हणजे शेवटी रस्ता इंग्रजीकडेच जातो. आणि मेकॉलेही विज्ञान सोडत नाही, न्यूटन त्याच्याही तोंडी आहेच. दोन्ही बाजूंनी लिहिता येतं, म्हणूनच तो प्रश्न काढतात.

सूचीत "विज्ञान" हा शब्द नव्हता ना? आजच घाला, विसराल. वार्षिक परीक्षेलाही हाच संच आहे.

रानजाई · शुक्रवार, रात्री १०:५०

घातला. सं २, सं ९, सं ३०. आणि शंकरशेटांचं पानही सापडलं, दोनदा उतरवलेल्या त्या अकरा पानांत होतं. एकीकडे व १४०, दुसरीकडे व १९१. दोन्हीकडे साल वेगळं लिहिलंय.

अ‍ॅड_खटलेबाज · शुक्रवार, रात्री १०:५५

लाल चौकट!